फोटो बघून मॅनिक्युअरला मार्क कसे द्यायचे? (परीक्षक म्हणून अडकले आहे, मदत करा)

मोगरी_डोंबिवली
आमच्या सोसायटीत यंदा हळदीकुंकवाला 'नखरंग' नावाची स्पर्धा ठेवली आहे. प्रत्येकीने आपल्या हाताचा एक फोटो ग्रुपवर टाकायचा, नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. पार्लरमध्ये केलेलं चालेल, घरी केलेलंही चालेल. आणि परीक्षक कोण, तर मी. कारण काय, तर मी स्वतः नखं वाढवत नाही, म्हणून मी निःपक्षपाती!
14 फोटो आलेत. मी ठरवलं होतं की 40 मार्क ठेवायचे. क्युटिकलला 10, आकाराला 10, नेलपेंट सारखं लागलंय का त्याला 10 आणि नेल आर्टला 10. पण फोटो बघताना सगळेच छान दिसतात हो. नेमकं बघायचं कुठे? रथसप्तमीच्या आत निकाल द्यायचा आहे.

रिकामटेकडा
सोपं आहे. सेक्रेटरींच्या मिसेसचा नंबर कोणता ते शोधा. पहिलं बक्षीस तिथे द्या. पाणी नियमित येईल.

झणझणीत
+1 रिकामटेकडा. पार्किंगचाही प्रश्न सुटेल.

गोदाकाठ
मोगरीताई, मी दरमहा मॅनिक्युअर करून घेते म्हणून सांगते. क्युटिकल अजिबात दिसता कामा नये. पूर्ण कापून काढलेलं असलं की काम चांगलं. आणि चमक बघा. जितकी चमक जास्त तितका टॉप कोट चांगला. या दोन गोष्टींवर निम्मे फोटो बाद होतील.

नखशिखा
गोदाकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळे चुकीच्या बाईला बक्षीस जाईल. मी नाशिकला नऊ वर्षं हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
नखाच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे नखाला चिकटलेला मेलेल्या कातडीचा पातळ पापुद्रा. तो काढायलाच हवा, नाहीतर पॉलिश त्याच्यावर बसतं आणि चार दिवसांत उचकटतं. दुसरी म्हणजे त्यामागची जिवंत कातडीची कड. ती नखाच्या मुळाला बंद करून ठेवते, पाणी आणि घाण आत जाऊ देत नाही. ती कापली की आज फोटोत एकदम स्वच्छ दिसतं आणि नंतर तिथेच नखुरडं होतं. त्वचेचे डॉक्टर ती कापू नका म्हणतात ते यासाठीच.
आता फोटोत काय बघायचं? मुळाशी कातडीची रेघ अखंड आणि शेजारच्या बोटाच्याच रंगाची हवी. ती लालसर, ओलसर किंवा कुरतडल्यासारखी दिसली तर हात जड पडलाय. पांढरे दोरे निघालेले दिसले तर काम अर्धवट आहे. आणि मुळाशी तेल चोपडलेलं असेल तर सावध व्हा. फोटोच्या आधी तेल आम्ही सगळेच लावतो, त्यात गैर काही नाही, पण तेलाने कोरडी, फाटकी कातडी तासभर गुळगुळीत दिसते. त्या चमकेला मार्क देऊ नका.
दुसरं म्हणजे पॉलिश आणि कातडी यांच्यामधली फट. ती केसाएवढी हवी आणि पाचही बोटांना सारखी हवी. पॉलिश कातडीवर चढलं असेल, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांत, तर ते मोठं चुकलेलं काम. जेल असेल तर तिथूनच ते सुटायला लागतं.

मोगरी_डोंबिवली
नखशिखाताई, हे वाचून फोटो मोठे करून पाहिले. तीन जणींचं कोपऱ्यात चढलेलं आहे! पण 12 नंबरच्या फोटोत उलट आहे, फट चांगली तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी आहे. तिचे मार्क कापायचे का?

नखशिखा
आधी बघा की ते जुनं आहे की भीत भीत लावलेलं. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. पंधरा दिवसांपूर्वी केलेलं असेल तर एवढी फट आपोआप पडणारच. तशी फट गोल, नेटकी असते आणि मधल्या बोटाला किंचित जास्त, करंगळीला कमी असते, कारण मधलं नख सगळ्यात भरभर वाढतं. लावतानाच घाबरून सोडलेली फट वेडीवाकडी असते. एका बोटाला आहे, दुसऱ्याला नाही, असं.
आणि पंधरा दिवसांचं असूनही कडा कुठे उचकटलेल्या नसतील, टोकाचा रंग झिजलेला नसेल, तर माझ्या मते ती बाई जास्त मार्कांची धनी आहे. ताज्या कामाचा फोटो सगळ्यांचाच चांगला येतो.

तिखटमीठ
बायांनो, मला एक सांगा. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरतंय. लिंबू चोळलं, खोबरेल लावलं. फोटो टाकू का? फोटोवरून सांगाल ना?

झणझणीत
तिखटमीठ काकू, इथे मार्क मिळतात, औषध नाही.

नखशिखा
झणझणीत, असू दे. काकू, लिंबू बंद करा, त्याने नख आणखी कोरडं पडतं. चीर एकाच नखाला असेल आणि दोन-तीन महिने हटत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे काळपट उभी रेघ नव्याने उमटली असेल तर वाट न बघता दाखवा. वरून नेलपेंट लावून झाकू नका.

फोटोकाका
मी नखांचा जाणकार नाही. पण तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले आहेत, नवरीचे हात हजारो वेळा टिपले आहेत. मोगरीताई, तुम्ही आधी फोटो तपासा, मग नख.
एक, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या बघा. प्रत्येक माणसाच्या पेरांवर रेघा असतात. त्या गायब असतील तर फिल्टर लावलेला आहे, आणि त्या फिल्टरने क्युटिकलचे दोषही पुसले गेले असणार. अशा फोटोला क्युटिकलचे मार्क देताच येत नाहीत.
दोन, नखावरची उजेडाची रेघ. ट्यूबलाइट किंवा खिडकीचं प्रतिबिंब नखावर एक लांब पांढरी पट्टी म्हणून दिसतं. तिच्यावर बोट ठेवून मुळापासून टोकापर्यंत जा. ती सरळ किंवा सलग वळणाने गेली तर पृष्ठभाग सपाट आहे. ती मध्येच थरथरली तर खाली उंचवटे आहेत. मुळाशी तुटली तर तिथे पॉलिशची पायरी झाली आहे. गोदाकाठ म्हणतात ती चमक वाईट टॉप कोटलाही येते, पण पट्टी खोटं बोलत नाही.

नखशिखा
काका, काय सांगितलंत! आम्ही नख हातात धरून दिव्याखाली फिरवतो ते याचसाठी. फक्त मॅट फिनिशला ही पट्टी दिसणार नाही. तिथे कडेने पाहावं लागतं, आणि एका फोटोत ते जमत नाही.

गोदाकाठ
बरं, चमकेचं मान्य. पण क्युटिकलचं मला पटत नाही. मी ज्या मशीनने करून घेते, ज्याला रशियन मॅनिक्युअर म्हणतात, त्यात ती कड काढतातच आणि मला तीन वर्षांत काही झालेलं नाही. फोटोत त्याच्याइतकं सुंदर दुसरं काही दिसत नाही.

नखशिखा
सुंदर दिसतं, यात वाद नाही. कुशल हाताने केलं तर बरीच वर्षं काही होतही नाही. माझा मुद्दा एवढाच की किती काढलंय ते ताज्या फोटोत कळत नाही. तीन आठवड्यांनी कातडी जाड, कडक होऊन परत आलेली दिसते, तेव्हा कळतं.

गोदाकाठ
माझी येत नाही.

निळी_शाई
हा वाद इथे मिटणार नाही, आपण आकाराकडे वळू या का? मला एक शंका आहे. माझी बोटं आखूड आणि रुंद आहेत. माझ्यावर बदामी आकार छान दिसतो, चौकोनी दिसला की हात फावड्यासारखा दिसतो. मग परीक्षकाने बोटाला शोभतो का ते बघायचं, की आकार नीट घासलाय का ते?

नखशिखा
मी फक्त नीट घासलाय का ते बघेन. शोभणं ही आवड झाली. बघायच्या गोष्टी दोनच. नखाच्या दोन्ही बाजू बोटाच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर उतरतात का, आणि टोक त्या रेषेवर येतं का. मधली रेषा बोटाची धरायची, नखाची नाही, कारण काहींचं नख मुळातच तिरकं उगवतं. चांगली कारागीर ते फाइलने दुरुस्त करून बोटाच्या रेषेत आणते. बदामी आकारात घोळ बहुतेक वेळा असा होतो की उजव्या हाताने करणारीचा हात एका बाजूला जास्त चालतो आणि टोक कलतं. चौकोनीत दोन कोपरे वेगळ्या उंचीचे होतात.
मग पाचही नखं एकमेकांशी ताडून बघा. चार अंडाकृती आणि एक चौकोनीकडे झुकलेलं, हे घरी केलेल्यात हमखास असतं.

निळी_शाई
मला नाही पटलं. बोटाला न शोभणारा आकार नीट घासला तरी तो चुकीचाच निवडलेला. शिंप्याने टाके सरळ घातले पण माप चुकवलं, तर पैसे द्याल का?

नखशिखा
गिऱ्हाइकाने तेच माप सांगितलं असेल तर द्यावेच लागतील 🙂

फोटोकाका
आकाराबद्दल फोटोची एक अडचण. मोबाईल अगदी जवळ धरला की जे बोट कॅमेऱ्याजवळ ते मोठं दिसतं, नखही लांब दिसतं. बोटं आत वळवलेली असली तर नख आखूड आणि रुंद दिसतं. म्हणून बोटं वळवून, काहीतरी धरून काढलेल्या फोटोवर लांबीचे मार्क कापू नका. आणि हो, मोबाईल मागे नेऊन झूम करून काढलेला फोटो जवळून काढलेल्यापेक्षा खरा असतो.

परदेशी_पाटील
इकडे लेस्टरला माझी बायको हेच काम शिकली. त्यांच्या वर्गात सांगायचे की अंगठ्याचा फोटो मागा. बाटली धरून काढलेल्या पोझमध्ये चार बोटं दिसतात, अंगठा बाटलीमागे जातो. आणि अंगठाच सगळ्यात वाईट झालेला असतो, कारण दिव्यात हात घालताना अंगठा आडवा राहतो, मग जेल वाळायच्या आधीच एका बाजूला ओघळतं.

नखशिखा
पाटीलसाहेब, वहिनींना नमस्कार सांगा. शंभर टक्के खरं. म्हणून चार बोटं आणि अंगठा वेगवेगळे वाळवायचे असतात. घाईत तेच राहून जातं.

मोगरी_डोंबिवली
आता खरी पंचाईत सांगते. सगळं गाळून दोन फोटो उरलेत, 4 आणि 9. फोटो इथे टाकता येणार नाहीत, म्हणून वर्णन करते.
4 नंबर: वांगी रंग, लांब बदामी नखं, हात पैठणीच्या पदरावर. अनामिकेवर सोनेरी मोर, बाकी बोटांवर मुळाशी सोनेरी ठिपके. मोराच्या पिसाऱ्यात तीन खडे. अंगठा पदराखाली आहे. (पाटीलसाहेब!)
9 नंबर: आखूड अंडाकृती, दुधाळ गुलाबी रंग, स्टीलच्या ताटावर सरळ ठेवलेला हात, अंगठ्यासकट. दोनच बोटांवर मुळाशी चंद्रकोरीसारखी बारीक सोनेरी रेघ. नखांवर थोडी पिवळट झाक वाटते.
ग्रुपवर सगळ्यांचं प्रेम 4 वर आहे.

झणझणीत
पैठणीला मार्क नाहीत ना? मग 4 गेला.

फोटोकाका
9 मधली पिवळट झाक आधी तपासा. फोटोत पांढरं काय आहे? साडीचा काठ, भिंत, काहीही. तेही पिवळट असेल तर दिव्याचा दोष आहे, नखाचा नाही.

मोगरी_डोंबिवली
मागे पांढरा टेबलक्लॉथ आहे. तो पांढराच दिसतोय.

तिखटमीठ
मग हळद लागली असेल हो. हळदीकुंकवाचे दिवस, आणि मसाले कुटायचे हातही तेच.

नखशिखा
काकूंनी बरोबर ओळखलं. फिक्या रंगाच्या जेलवर हळदीचा डाग बसतो. म्हणजे ती बाई त्या नखांनी स्वयंपाक करते आहे आणि काम काही दिवसांचं आहे. करणारीचे मार्क त्यासाठी कापू नका.
आता 4 मध्ये हे बघून सांगा: उजेडाची पट्टी, वांगी रंग कोपऱ्यांत गेलाय का, टोकं कुठे झुकतात, आणि मोर नखावर कुठे बसलाय. गडद रंग काही लपवत नाही, म्हणून 4 वाल्या बाईने धाडस केलंय हे मानायला हवं. दुधाळ रंग उलट. त्यात कडा लपतात, पण ब्रशचे पट्टे उमटतात. 9 मध्ये ते पट्टे शोधा.

मोगरी_डोंबिवली
अर्धा तास लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. नवरा विचारतोय गुन्हेगार शोधतेस का.
4: तर्जनीच्या डाव्या कोपऱ्यात रंग कातडीवर गेलाय. मधल्या बोटावर उजेडाची पट्टी मुळाजवळ तुटते. करंगळीचं टोक बाहेरच्या बाजूला कललंय. मोराची मान बरोबर मधोमध, पण पिसारा नखाच्या कडेला कापला गेलाय, अर्धाच दिसतो. खडे तिन्ही एकाच बाजूला.
9: पट्टी पाचही बोटांवर सलग. फट सारखी. रंगाचे पट्टे नाहीत, फक्त अंगठ्याच्या टोकाला रंग जरा पातळ वाटतो. मधल्या बोटाचं टोक बाकीच्यांपेक्षा किंचित चपटं आहे. सोनेरी रेघ दोन्ही बोटांवर सारख्याच जाडीची.

निळी_शाई
पण नेल आर्टमध्ये 4 ला जास्तच द्यावे लागतील. मोर काढणं आणि रेघ काढणं एक कसं? रेघ मी पण काढीन.

नखशिखा
काढून बघा. मुळाच्या वळणाला समांतर, एकाच जाडीची, हात न थरथरता. मोराची चूक पिसाऱ्यात खपून जाते, रेघेची खपत नाही. तरी तुमचं म्हणणं खोडत नाही, कष्ट मोराचे जास्त.
मला मोरात खटकतं ते त्याचं बसणं. नख म्हणजे केवढी जागा? आणि ती दोन्ही बाजूंनी खाली वळते. सपाट कागदावर काढल्यासारखा मोर तिथे काढला की पिसारा वळणापलीकडे जातो आणि समोरून कापलेला दिसतो. जाणती बाई मोर लहान घेते किंवा मान कडेला ठेवून पिसारा मधे आणते. खडे एका बाजूला आले की सगळं नखच तिकडे झुकल्यासारखं दिसतं. पण एकाच बोटावर मोठी नक्षी आणि बाकीच्यांवर फक्त ठिपके, ही वाटणी तिने छान केली आहे. पाचही नखांवर मोर काढला असता तर एकही दिसला नसता.

रिकामटेकडा
पाच मोर म्हणजे चिंचोली मोराची.

गोदाकाठ
😂 मला 4 आवडला असता. पण कोपऱ्यात रंग गेलाय म्हटल्यावर मीही मार्क कापेन.

परदेशी_पाटील
अंगठा मागवा. दोघींचाही. एकीचाच मागितलात तर भांडण.

नखशिखा
आणि मोगरीताई, सगळ्याला दहा-दहा मार्क ठेवू नका. मी आर्टला कमी ठेवते, मुळाच्या कामाला आणि पृष्ठभागाला जास्त. 15, 10, 10, 5 असं.

निळी_शाई
स्पर्धेचं नाव 'नखरंग' आणि रंगकामालाच 5? हे मॅनिक्युअर करणाऱ्यांच्या परीक्षेला ठीक. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना काय सांगणार, तुमची कातडी चांगली नव्हती?

मोगरी_डोंबिवली
नियम जाहीर झालेत, आता मार्कांची वाटणी बदलता येणार नाही. पण अंगठे मागवते. सगळ्या चौदाजणींचे, म्हणजे कुणाला संशय नको.

*(चार दिवसांनी)*

मोगरी_डोंबिवली
निकाल लागला. अंगठे आले, अकराच आले, तिघींनी पाठवलेच नाहीत. 4 चा अंगठा आला: एका बाजूला रंग ओघळून साचलेला आणि तिथेच सुरकुतलेला.

नखशिखा
सुरकुती म्हणजे थर जाड झाला. गडद जेलचा जाड थर वरून वाळतो, आत कच्चा राहतो. आठवड्यात सुटेल.

मोगरी_डोंबिवली
तसं झालंच! प्रत्यक्ष हळदीकुंकवाला त्या आल्या तेव्हा अंगठ्यावर बोटभर टिकली चिकटवलेली होती.
मार्क असे: 9 ला क्युटिकल 9, आकार 8, नेलपेंट 9, आर्ट 6, एकूण 32. 4 ला क्युटिकल 6, आकार 7, नेलपेंट 6, आर्ट 8, एकूण 27. दुसरं बक्षीस 12 ला गेलं, 29. ती जुनी फटवाली. काम तीन आठवड्यांचं निघालं आणि एकही कड उचकटलेली नव्हती. 4 तिसऱ्या.
9 नंबर कोण निघाल्या सांगू? सी विंगच्या पोळीभाजीवाल्या काकू. नखं त्यांच्या सुनेने घरी केली होती. म्हणून हळद!

तिखटमीठ
बघा, मी म्हटलं होतं. (डॉक्टरांकडे परवा जातेय.)

निळी_शाई
आर्टला 6 आणि 8? मोराला मी 9 दिले असते. तरी क्रम बदलला नसता म्हणून गप्प बसते.

रिकामटेकडा
4 नंबर कोण ते सांगितलं नाहीत.

मोगरी_डोंबिवली
सेक्रेटरींच्या मिसेस. कालपासून आमच्या विंगला पाणी अर्धा तास उशिरा येतंय. पुढच्या वर्षी तिळाच्या लाडवांची स्पर्धा ठेवतायत, आणि परीक्षक म्हणून त्यांनी माझंच नाव सुचवलंय.